चपलेला लागलेले डांबर: आधी तेल, मग साबण आणि पाणी सर्वांत शेवटी

मे महिना संपत आला की मुंबईत ऊनही टोकाला पोहोचलेले असते आणि पावसाआधी रस्ते बुजवण्याची घाईही टोकाला पोहोचलेली असते. मोठे रस्ते आता बरेचसे सिमेंट काँक्रीटचे झाले असले, तरी पाण्याच्या वाहिनीसाठी किंवा केबलसाठी गल्लीत खणलेला चर अजूनही बहुतेक वेळा डांबराने आणि खडीने बुजवला जातो. असा पट्टा सकाळी टाकलेला असेल आणि दुपारी दोन वाजता त्याच्यावरून चालत जावे लागले, तर चपलेचा तळ कोरा घरी येण्याची आशा कमीच. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी सर्रास वापरले जाणारे व्हीजी-३० प्रतीचे डांबर साधारण ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि भर उन्हात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही वर सहज जातो. म्हणजे नवेच नव्हे, तर कधीकधी जुने डांबरही अशा वेळी चिकटण्याइतके नरम झालेले असते.

गेल्या वर्षी आमच्या गिरगावातल्या घरी माझी भाची अशीच दुपारी क्लासवरून परतली. पायात साधी रबरी हवाई चप्पल होती, वरून पांढरी, खालून निळी. डाव्या चपलेच्या टाचेला पाच रुपयांच्या नाण्याएवढा डांबराचा गोळा चिकटला होता आणि त्यात खडीचे तीन बारीक तुकडे रुतून बसले होते. पुढच्या बाजूच्या नक्षीच्या खाचांमध्ये डांबराचा पातळ थर भरला होता. माझ्या बहिणीने चप्पल तशीच मोरीत नेली, तिच्यावर कपडे धुण्याची पावडर टाकली आणि ब्रशने घासायला घेतले. दहा मिनिटांनी टाचेवरचा गोळा जागच्या जागी होता, मात्र त्याच्या कडेचे डांबर ओढले जाऊन निम्म्या तळावर तपकिरी पट्टे उठले होते आणि ब्रशचे केस एकमेकांना चिकटून त्याची शेंडी झाली होती. चप्पल मग माझ्या हाती आली. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती त्याच चपलेवर वापरलेली आहे.

साबण एकटा का चालत नाही

डांबर म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना सर्वांत शेवटी तळाशी उरणारा जड, दाट भाग. ते तेलाच्याच कुळातले असल्यामुळे पाण्याशी त्याचे जमत नाही. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे पातळ तेल किंवा तूप साबणाने बारीक थेंबांमध्ये तुटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. डांबर मात्र इतके घट्ट असते की त्याचे थेंब पडतच नाहीत. साबण त्याच्या वरच्या वर घसरत राहतो आणि आपण जोर लावला की ते विरघळण्याऐवजी पसरते.

म्हणून आधी त्याला पातळ करावे लागते, आणि तेलकट पदार्थ पातळ होतो तो दुसऱ्या तेलात. स्वयंपाकाचे तेल डांबरावर लावून ठेवले की ते हळूहळू आत मुरते, डांबराचा घट्टपणा मोडतो आणि काही वेळाने दोन्हींचे मिळून काळे, वाहते मिश्रण तयार होते. आता साबणापुढे डांबर नसते. त्याच्यापुढे नुसते मळके तेल असते, आणि मळके तेल काढणे हे साबणाचे रोजचेच काम आहे.

याला एक अपवाद आहे. डांबराचा नवा थर टाकण्यापूर्वी कामगार रस्त्यावर पातळ डांबराचा फवारा मारतात. हे द्रव पाण्यात कालवलेले असते आणि ओले असेपर्यंत चॉकलेटी दिसते. त्यातले पाणी सुटून गेले की ते काळे पडते आणि मगच चिकट होते. चपलेला लागलेला डाग अजून चॉकलेटी आणि ओला असेल, तर तेलाच्या भानगडीत न पडता जवळच्या नळाखाली तो लगेच धुऊन टाकावा. काळा पडल्यावर ती संधी गेली.

कोणते तेल घ्यावे

शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, यांपैकी घरात जे असेल ते चालते. खोबरेल तेलही उत्तम चालते, फक्त ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजू लागत असल्यामुळे थंडीच्या दिवसांत बाटली आधी कोमट पाण्यात उभी करावी. तळणीचे उरलेले तेल वापरण्याचा मोह होतो, आणि डांबर त्यानेही सुटते. परंतु अनेकदा तापलेले तेल स्वतःच चिकट झालेले असते आणि त्याचा वास रबरातून जायला दिवस लागतात. जवसाचे तेल मात्र घेऊ नये, कारण ते हवेत सुकून त्याचाच कडक थर बसतो.

रॉकेलविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण आमच्या आईच्या पिढीतला उपाय तोच होता आणि तो निःसंशय जलद होता. रॉकेलने डांबर दोन मिनिटांत सुटते. पण रॉकेल, पेट्रोल आणि थिनर हे सगळे रबरातही शिरतात, रबर फुगते आणि मऊ पडते. हवाई चपलेच्या बाबतीत याचा पहिला परिणाम दिसतो तो पट्ट्याच्या भोकांपाशी: भोक सैल होते आणि खालचे बटण चालता चालता वर निसटते. चिकटवलेल्या तळाच्या बुटांमध्ये तर तळ आणि वरचा भाग यांना धरून ठेवणारा डिंकच सुटू लागतो. शिवाय गॅलरीत पेट्रोलची वाटी घेऊन बसणे हा आगीला दिलेला उघड निमंत्रणाचा प्रकार आहे. खाण्याचे तेल हळू काम करते, आणि हा हळूपणाच रबराच्या हिताचा आहे. तेही तासन्‌तास लावून ठेवले तर रबरात थोडे मुरतेच, म्हणून ते रात्रभर ठेवू नये.

गोळा आधी गारठवून काढावा

तेल लावण्यापूर्वी जेवढे डांबर कोरडेच निघेल तेवढे काढून टाकावे. मऊ डांबर खरवडायला गेले तर ते सुरीला चिकटते आणि तार धरते. तेच डांबर गार झाले की कडक आणि ठिसूळ होते. त्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे सात-आठ खडे घालून ती पिशवी डांबराच्या गोळ्यावर ठेवावी आणि वर एखादा डबा ठेवून १५ ते २० मिनिटे दाबून ठेवावी. चप्पल दोन पिशव्यांत नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली तरी चालते, फक्त घरातल्या इतरांना त्याची पूर्वकल्पना द्यावी.

नखाने दाबून पाहावे: खड्डा पडत नसेल तर डांबर तयार झाले. मग निरुपयोगी झालेले प्लॅस्टिकचे कार्ड किंवा आइसक्रीमची लाकडी काडी कडेच्या बाजूने आत सरकवावी आणि गोळा उचकटावा. धारदार सुरी नको. रबराला चीर पडली की तिच्यात डांबर कायमचे बसते. भाचीच्या चपलेवरचा गोळा असा जवळजवळ अख्खा निघाला आणि त्याच्याबरोबर दोन खडेही गेले. तिसरा खाचेत अडकला होता, तो खराट्याच्या हिराने बाहेर काढला. हीर या कामाला सुईपेक्षा चांगला, कारण तो खाचेच्या आकाराप्रमाणे वाकतो आणि रबराला टोचत नाही. खडे राहिले तर पुढे पुसताना ते रबरावर ओरखडे काढतात, म्हणून या कामात घाई करू नये. गारठलेले डांबर मुंबईच्या मे महिन्यात पाच-सात मिनिटांत पुन्हा मऊ पडते. तसे झाले की थांबावे आणि बर्फ पुन्हा ठेवावा.

तेलाचा टप्पा

जमिनीवर वर्तमानपत्राचे चार-पाच पदर पसरावेत आणि चप्पल तळ वर करून त्यांच्यावर ठेवावी. एका चपलेला दोन चहाचे चमचे तेल पुरते. सपाट भागावर ते बोटाने किंवा कापसाने लावावे. खाचांमध्ये मात्र तेल नुसते ओतले तर वाहून जाते, म्हणून कापसाचे छोटे बोळे तेलात भिजवून खाचांमध्ये दाबून बसवावेत. त्यानंतर २० मिनिटे चपलेला हात लावू नये.

बहुतेकांची चूक इथेच होते. तेल लावले की लगेच घासण्याची इच्छा होते, पण तेल आत मुरलेले नसताना घासले तर डांबर पुन्हा पसरतेच, आता फक्त तेलासकट. वाट पाहणे हाच या टप्प्यातला मुख्य भाग आहे. डाग महिनाभर जुना असेल तर तो हवेने कडक झालेला असतो. अशा वेळी तेल लावून वर प्लॅस्टिकचा तुकडा झाकावा आणि तासभर थांबावे.

तेल मुरल्याची खूण रंगात दिसते. सुरुवातीला डांबरावर ठेवलेले तेल स्वच्छ पिवळसर असते. मुरू लागले की डागाच्या कडेला तपकिरी वलय उमटते आणि शेवटी कापसाचा बोळा उचलला तर तो खालून काळा दिसतो. मग जुन्या सुती फडक्याने पुसायला घ्यावे. पुसण्याची दिशा नेहमी बाहेरून आत, म्हणजे डागाच्या कडेकडून मध्याकडे असावी, आणि प्रत्येक वेळी फडक्याची नवी, कोरी बाजू वापरावी. एकाच काळ्या झालेल्या जागेने पुन्हा पुन्हा पुसणे म्हणजे काढलेले डांबर परत लावणे होय. खाचांसाठी जुना दात घासण्याचा ब्रश तेलात बुडवून वापरावा. तो ब्रश नंतर टाकूनच द्यावा लागतो.

पहिल्या फेरीत फडके काळे निघते. दुसऱ्यांदा चमचाभर ताजे तेल लावून १० मिनिटांनी पुसले की ते गडद तपकिरी निघते. तिसऱ्यांदा ते कोऱ्या चहाच्या रंगाचे निघाले की तेलाचे काम झाले असे समजावे. भाचीच्या चपलेला तीन फेऱ्या लागल्या, एकूण चार चमचे तेल गेले आणि बर्फ धरून सव्वा तास लागला. त्यातला हाताने केलेल्या कामाचा वेळ वीस मिनिटांपेक्षा जास्त नव्हता. बहिणीने साबणाने पसरवलेले पट्टे मूळ गोळ्यापेक्षा अधिक चिवट निघाले. पातळ थर मोठ्या जागेवर रबराच्या बारीक रेषांमध्ये घासला गेला होता, म्हणून तिसरी फेरी मुख्यतः त्यांच्यासाठीच करावी लागली.

साबण कोरडाच लावावा

आता तळावर तेलाचा थर आहे, आणि तो तसाच राहिला तर डांबरापेक्षा धोकादायक ठरतो: तेलकट तळाची चप्पल ओल्या फरशीवर माणसाला आडवे पाडते. म्हणून प्रथम तळावर मूठभर कोरडे बेसन, कणीक किंवा लाकडाचा भुसा पसरावा, हाताने हलकेच दाबावे आणि पाच मिनिटांनी झटकून टाकावे. बरेचसे तेल त्यातच शोषले जाते आणि साबण कमी लागतो.

नंतर भांडी घासण्याचा पातळ साबण एक चमचा घेऊन तो पाणी न मिसळता थेट कोरड्या, तेलकट तळावर ओतावा आणि दुसऱ्या, स्वच्छ ब्रशने दोन मिनिटे चोळावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी ओतले तर ते तेलावरून घरंगळते आणि साबणही पातळ होऊन तेलापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. साबण आधी तेलात मिसळला तर तळावर एक दुधट, मळकट लेप तयार होतो. तो लेप दिसला की त्यावर वाटीभर कोमट पाणी टाकून पुन्हा घासावे, आणि मगच नळाखाली धरावे. पाणी कोमटच हवे. उकळते पाणी ओतल्याने उरलेसुरले डांबर पुन्हा वितळून पसरते आणि फोमच्या हलक्या चपला वाकड्या होतात. कपड्यांच्या साबणाची वडी असेल तर तीही चालते, पण भांड्यांचा साबण तेलासाठीच बनवलेला असल्यामुळे त्याने काम लवकर होते.

तळ स्वच्छ झाला की नाही हे पाहण्याच्या दोन साध्या तपासण्या आहेत. तळावर पाणी सोडले की ते सगळीकडे सारखे पसरले पाहिजे. एखाद्या जागी त्याचे गोल थेंब उभे राहिले तर तिथे अजून तेल आहे. आणि वाळल्यावर पांढरा कागदी रुमाल तळावर दाबून घासला तर त्यावर डाग उमटता कामा नये. पहिल्या धुण्यानंतर आमच्या चपलेच्या टाचेवर थेंब उभे राहिले होते, म्हणून तेवढ्या भागाला पुन्हा एकदा कोरडा साबण लावला. चप्पल वाळवायची ती सावलीत, भिंतीला टेकवून उभी.

बूट असेल तर

हवाई चपलेपेक्षा बुटात सांभाळण्यासारखे जास्त असते, कारण तेल फक्त तळापुरते राहिले पाहिजे. कॅनव्हासवर पडलेल्या तेलाचा डाग वेगळा काढावा लागतो, चामडे तेलाने गडद होते आणि मखमली पोताच्या चामड्याचे तर कायमचे नुकसान होते. त्यामुळे तळाच्या कडेपासून वरचा सगळा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड चिकटपट्टीने तळाच्या कडेला बंद करावे आणि बूट उलटा धरावा. तेल ओतू नये, कापसानेच लावावे. तळ आणि वरचा भाग जिथे चिकटवलेला असतो त्या रेषेपासून अर्धा सेंटिमीटर जागा कोरडी सोडावी. खेळाच्या बुटांच्या खोल खाचांमध्ये खडीचा कच घट्ट बसतो. तिथे बर्फ आणि हीर यांनी जितके निघेल तितके आधी काढले, तर तेल निम्मेच लागते.

डांबर कॅनव्हासवरच लागले असेल, तर तिथेही तेलच लागते, पण कापडाच्या आत कागदी रुमालाची घडी ठेवून वरून थेंब थेंब तेल सोडावे आणि टिपत जावे, घासू नये. त्यानंतर भांड्यांचा साबण लावून दोन-तीन वेळा धुतल्याशिवाय तेलाचा डाग जात नाही. बूट वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याचा विचारही करू नये. डांबराचा एक कण ड्रमला लागला तर पुढच्या चार धुण्यांतले पांढरे कपडे त्याची साक्ष देतात.

जे निघत नाही ते

पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या रबरावर डांबर दिवसभर राहिले, तर त्यातला हलका, तेलकट अंश रबरात शिरतो आणि वरचे डांबर पूर्ण निघाल्यावरही पिवळट-तपकिरी सावली उरते. ती तेलाने जात नाही आणि साबणानेही जात नाही. सँडपेपरने घासून पाहणारे लोक असतात; त्याने सावली थोडी फिकट होते, पण तळाची नक्षी झिजते आणि पावसात चप्पल घसरू लागते. डाग चिकट नसेल तर तो तसाच राहू द्यावा. भाचीच्या चपलेचा तळ निळा असल्यामुळे तिथे काही दिसले नाही, पण कडेच्या पांढऱ्या पट्टीवर बोटभर पिवळसर खूण राहिली आणि ती चप्पल त्या खुणेसकट पुढचा पावसाळाभर वापरली गेली.

पावसाळ्यात जुहू किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फिरताना चपलेला चिकटणारे काळे गोळेही याच पद्धतीने निघतात, कारण तेही खनिज तेलाचेच, समुद्रात घट्ट झालेले अवशेष असतात. त्यांच्यात वाळू फार असते, तेव्हा पुसण्याऐवजी टिपावे. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या मात्र वेगळ्या. त्यांतले नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात, म्हणून त्यांना ते नाव पडले.

काळी झालेली फडकी, कापूस आणि बेसन वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकावे. तेलात सुटलेले डांबर मोरीत ओतू नये, कारण गार पाण्यात ते नळीच्या आतल्या बाजूला पुन्हा चिकटते आणि केस, कचरा धरून ठेवते. फरशीवर ठिपके पडले असतील तर मोझॅकवर आणि चकचकीत टाइल्सवर हाच तेल-साबणाचा क्रम चालतो. न घोटलेल्या कडप्प्यावर किंवा शहाबादीवर मात्र तेल शोषले जाऊन नवा डाग पडतो, तिथे फक्त बर्फ आणि काडी.

हाताला लागलेले डांबरही साबणाने घासत बसू नये. बोटांना थोडे खोबरेल चोळून पाच मिनिटे थांबावे, कागदाने पुसावे आणि मग हात धुवावेत. हे अर्थातच गार डांबराबद्दल आहे. रस्त्याच्या कामाजवळ गरम डांबर अंगावर उडाले तर ते ओढून काढण्याचा प्रयत्न न करता त्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे आणि डॉक्टरांकडे जावे. नखांच्या कडेला राहिलेली काळी रेघ दुसऱ्या दिवशी आंघोळीआधी पुन्हा तेल लावले की जाते.